लोगोवर अडकलेला फोन: रीसेट दाबण्याआधी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



मागच्या महिन्यात पारोळा तालुक्यातल्या आपल्या एका सीआरपी ताईचा सकाळी सहालाच फोन आला. शेजारणीच्या मोबाईलवरून. म्हणे, "मावशी, मना फोन मरी गया." रात्री झोपताना फोनवर अपडेटचा संदेश आला, तिनं 'हो' दाबलं आणि फोन उशाशी ठेवला. सकाळी बघते तर कंपनीचं नाव येतंय, फोन थरथरतोय, पडदा काळा होतोय आणि पुन्हा कंपनीचं नाव. रात्रभर हेच चाललेलं असणार, कारण फोन तव्यासारखा तापला होता.

फोनपेक्षा तिला धास्ती दुसरीच होती. आदल्या दोन दिवसांत तिनं तीन गटांच्या बैठका घेतल्या होत्या. वस्तीवर रेंज नाही, म्हणून कर्जफेडीच्या नोंदी फोनमध्ये भरून ठेवल्या होत्या, अपलोड व्हायच्या होत्या. गटाच्या हिशोबाच्या ॲपमध्ये नेट नसताना भरलेली नोंद अपलोड होईपर्यंत त्या फोनच्या पोटातच असते, दुसरीकडे कुठेच नाही. इतिवृत्ताचे फोटोही त्यातच. आणि घरातले सगळे म्हणत होते, "रीसेट मार, चालू होईल."

चालू होईलही. पण फॅक्टरी रीसेट म्हणजे फोन दुकानातून आणला तसा कोरा करणं. कणगी साफ करायची म्हणून धान्यासकट झाडून काढल्यासारखं. म्हणून आज मी फक्त एवढंच सांगणार आहे की रीसेटच्या आधी काय काय करून बघता येतं, त्यातलं कशानं आतला माल जात नाही, आणि कुठलं एक बटण शेवटपर्यंत दाबायचं नाही.

आधी एक शंका काढून टाका. फोन खरंच अडकलाय का? मोठ्या अपडेटनंतर पहिल्यांदा चालू होताना फोनला वेळ लागतो. जुना, भरलेला फोन असेल तर पंधरा-वीस मिनिटं लोगो तसाच दिसू शकतो. पडद्यावर टक्के वाढत असतील किंवा 'Installing system update' असं काही लिहिलेलं असेल तर त्याला हात लावू नका, ते मध्येच तोडलं तर चांगला फोन बिघडतो. लोगो येतो, जातो, पुन्हा येतो, असं चक्र चालू असेल, किंवा अर्धा-पाऊण तास झाला तरी एकच लोगो हलत नसेल, तर मात्र अडकला समजा.

त्या ताईला मी फोनवर पहिलं सांगितलं ते असं: कव्हर काढ. हसू नका. जुनं रबरी कव्हर आकसतं आणि बाजूचं बटण दाबून धरतं. आपल्याकडे पिठाची चक्की, जिनिंगची धूळ, शेतातली माती, या सगळ्यानं बटण आत रुतून बसतं. पॉवरचं बटण दाबलेलंच राहिलं तर फोन आपोआप पुन्हा पुन्हा चालू होत राहणार, अपडेटचा त्यात काही दोष नसतो. नखानं प्रत्येक बटण दाबून बघा, 'टक्' वाजून वर येतंय का.

मग सिम आणि मेमरी कार्ड दोन्ही बाहेर काढायला लावली. खराब झालेलं मेमरी कार्ड वाचता वाचता फोन अडून बसतो, हे मी स्वतः पाहिलंय. आणि दुसरा फायदा असा की कार्डावरचे फोटो त्या क्षणी सुरक्षित झाले, ते घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घालून बघता येतात. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की बँकेचे संदेश आणि ओटीपी येत राहतात.

मग फोन सावलीत, फरशीवर ठेवून थंड होऊ द्यायचा. फ्रिजमध्ये नाही, आत पाणी धरतं. थंड झाला की त्याच्याच चार्जरवर अर्धा तास लावायचा. बॅटरी जुनी असेल तर चालू होताना लागणारा झटका तिला झेपत नाही, लोगोपर्यंत येते आणि मान टाकते. चार्जरला लावल्यावर फोन उठला तर दुखणं बॅटरीचं आहे. पाठ फुगलेली दिसली तर मात्र चार्जरला लावूच नका, सरळ बॅटरी बदला. बॅटरी बदलल्यानं आतलं काही जात नाही.

एवढं झाल्यावर जबरदस्तीनं बंद-चालू. पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण, दोन्ही एकत्र, दहा ते वीस सेकंद धरून ठेवायची. पडदा काळा झाला की सोडायची. काही फोनमध्ये नुसतं पॉवरचं बटण धरलं तरी चालतं. यानं एकही फोटो जात नाही. कधी यातून 'FASTBOOT' असं लिहिलेला पडदा येतो, घाबरू नका, पॉवरचं बटण पंधरा सेकंद धरा, तो निघून जातो.

आता खरी गोष्ट इथेच आहे. मी फोनवर हे सगळं सांगत असताना ताईच्या नववीतल्या पोरानं मोबाईल हातात घेतला होता. त्यानं मला वाचून दाखवलं: 'Can't load Android system. Your data may be corrupt.' खाली दोन ओळी. एक 'Try again', दुसरी 'Factory data reset'. पोरगं म्हणे, "मावशी, फोनच सांगतोय रीसेट करा, दाबू का?"

हा पडदा नीट ओळखून ठेवा. फोन लागोपाठ काही वेळा उठायचा प्रयत्न करतो, जमलं नाही की थकून हा पडदा दाखवतो. त्यात लिहिलंय की डेटा बिघडलेला 'असू शकतो'. बिघडलाच आहे असं नाही. पण वाचणारा घाबरतो आणि दुसरी ओळ दाबतो. पहिल्यांदा हा पडदा आला की नेहमी 'Try again'. दोनदा, तीनदा. या पडद्यावर बोट चालत नाही, आवाजाच्या बटणांनी वर-खाली जायचं आणि पॉवरचं बटण म्हणजे 'हो'. म्हणून पॉवर दाबण्याआधी कुठली ओळ उजळलीय ते दोनदा बघा. बरेच अपघात इथेच होतात: खालची ओळ उजळलेली असते आणि आपण घाईत पॉवर दाबतो.

काही नवीन फोनांत एक सोय असते. त्यांच्यात फोन चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या दोन प्रती असतात. नवी प्रत काही वेळा उठली नाही की फोन आपणहून जुन्यावर परत जातो. 'Try again' दोन-तीनदा करण्यामागं हेही एक कारण आहे.

तिच्या फोनला 'Try again'नं गुण आला नाही. मग सेफ मोड. फोन बंद करून चालू करायचा, लोगो दिसला की पॉवर सोडायचं आणि आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं, फोन उघडेपर्यंत. लागलं तर खाली डाव्या कोपऱ्यात 'Safe mode' असं दिसतं. यात फोन फक्त कंपनीनं दिलेली ॲप चालवतो, आपण नंतर टाकलेली सगळी झोपलेली राहतात. तिचा फोन तिसऱ्या खेपेला सेफ मोडमध्ये उघडला. माय माझी, पलीकडे रडायलाच लागली.

सेफ मोडमध्ये फोन उघडला म्हणजे मूळ प्रणाली शाबूत आहे, अडथळा आपणच आत टाकलेल्या कशाचा तरी आहे. तिला सेटिंगमध्ये स्टोरेज बघायला लावलं. 32 जीबीचा फोन, त्यात जेमतेम 200 एमबी जागा उरलेली. अपडेटनं आपलं सामान आत आणलं आणि ॲपना अंग पसरायला जागाच उरली नाही. सुप्रभातचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, तीच ती भजनं दहा ग्रुपमधून दहादा आलेली. पण पुसण्याआधी तिच्याकडून कामाचे फोटो केबलनं ग्रामसंघाच्या संगणकावर घेतले. मग चार जीबीचे व्हिडिओ पुसले, गेल्या पंधरा दिवसांत टाकलेली दोन ॲप काढली. त्यात एक 'फोन साफ करणारं' ॲप होतं, अशी ॲप मला कधीच पटली नाहीत. फोन साधा चालू केला, वीस मिनिटं घेतली आणि उघडला. तिन्ही बैठकांच्या नोंदी जागेवर होत्या. त्याच दिवशी पारोळ्याला रेंजमध्ये जाऊन तिनं त्या अपलोड केल्या.

हिशोबाचं ॲप मात्र आम्ही काढलं नाही, हे लक्षात घ्या. अपलोड न झालेली नोंद असलेलं ॲप काढणं किंवा त्याचा 'Clear data' दाबणं म्हणजे त्या ॲपपुरतं रीसेटच.

आता दुसरी ताई, साक्री तालुक्यातली. तिचा फोन सेफ मोडमध्येही उघडला नाही. मग पुढची पायरी म्हणजे रिकव्हरीचा पडदा. फोन बंद असताना पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र धरलं की बहुतेक फोनांत तो येतो. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनांना आधी केबलनं संगणकाला जोडावं लागतं, नाहीतर बटणं दाद देत नाहीत. तिथं काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची यादी येते. त्यातल्या दोन ओळी एकमेकींच्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात आणि बहुतेक वेळा एकीखाली एक असतात:

```
Wipe data/factory reset
Wipe cache partition
```

पहिली सगळं पुसते. दुसरी फक्त प्रणालीची तात्पुरती अडगळ पुसते, फोटो, संदेश, ॲपमधल्या नोंदी यांना ती शिवत नाही. अपडेटनंतर जुनी अडगळ आणि नवी प्रणाली यांचं जमत नसेल तर दुसऱ्या ओळीनं फोन उठतो. सॅमसंगच्या नव्या फोनांत 'Repair apps' अशीही ओळ असते, तीही काही पुसत नाही, ॲप पुन्हा बसवून बघते. सगळ्या फोनांत या ओळी नसतात. काहींत फक्त 'Wipe data' किंवा 'Format data' एवढंच असतं. माझा सोपा नियम असा: ज्या ओळीत 'data', 'format', 'factory' किंवा 'all' यातला एकही शब्द आहे, तिच्यावर पॉवर दाबायचा नाही. आत आणखी काय निघतं ते बघायलाही नाही. 'Reboot system now' करून बाहेर पडायचं.

साक्रीच्या ताईनं 'Wipe cache partition' केलं, तरी लोगोचं चक्र चालूच. घरी करण्यासारखं इथं संपलं. ती तालुक्याच्या एका दुकानात गेली, तिथं पहिल्याच मिनिटाला ऐकायला मिळालं, "ताई, सॉफ्टवेअर मारावं लागेल. अर्धा तास बसा."

सॉफ्टवेअर मारणं दोन तऱ्हांचं असतं आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही. एका तऱ्हेत मूळ प्रणाली नव्यानं बसते आणि आतला डेटा तसाच राहतो. दुसरीत सगळं पुसून बसते. सॅमसंगच्या फोनला प्रणालीच्या फाईलींबरोबर एक फाईल निवडावी लागते, तिचं नाव 'HOME_CSC' नं सुरू होत असेल तर डेटा राहतो, नुसतं 'CSC' असेल तर जातो. जाणकार माणसाला एवढा शब्द पुरतो. म्हणून विचारायचं, "डेटा ठेवून टाकता येईल का?" आणि त्याच्या समोर बसून राहायचं. तो "बूटलोडर अनलॉक करतो" म्हणाला तर फोन परत घ्यायचा. अनलॉक करतानाच फोन स्वतः सगळं पुसतो, ती त्याची राखण आहे.

आणखी एक आमिष दाखवतात: "बोर्डावरची चिप काढून तुमचे फोटो काढून देतो, दोन-तीन हजार लागतील." अलीकडच्या फोनांमध्ये आतला सगळा मजकूर कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या चिपेत आणि तुमच्या पिनमध्ये वाटलेली असते. चिप काढून दुसरीकडे लावली तर नुसता गिचमिड मजकूर दिसतो. जळगावच्या गोलाणी मार्केटला जा की धुळ्याच्या आग्रा रोडला, हे कुलूप तेच.

दुकानापेक्षा कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र आधी गाठावं, यालाही कारण आहे. अपडेटनं फोन अडकणं म्हणजे दरवेळी आपलीच चूक असं नसतं. 2020 च्या डिसेंबरअखेरीस शाओमीनं एमआय ए 3 या फोनसाठी अँड्रॉइड 11 चं अपडेट सोडलं आणि भारतातले कितीतरी फोन उठेनासे झाले. बोंब झाल्यावर कंपनीनं जाहीर केलं की वॉरंटी संपली असली तरी दुरुस्ती फुकट. 2024 च्या ऑक्टोबरात सॅमसंगच्या एस 10, नोट 10 सारख्या जुन्या फोनांना असंच चक्र लागलं. तिथं तर फोनचं अपडेटही नव्हतं, कंपनीच्याच एका ॲपचा छोटा भाग आपोआप बदलला होता. म्हणून केंद्रात "अपडेटनंतर लगेच बंद पडला" हे स्पष्ट सांगा, तारीख सांगा, आणि वॉरंटी नसली तरी फुकट होईल का ते विचारा. दाद देत नसतील तर ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे.

साक्रीच्या ताईच्या फोनला डेटा ठेवूनही प्रणाली बसेना. रीसेट करावंच लागणार होतं. पण तिनं ते त्या दिवशी केलं नाही, दोन दिवस थांबली. या दोन दिवसांत काय केलं ते ऐका.

पहिलं म्हणजे, सुनेच्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये photos.google.com उघडलं आणि स्वतःच्या जीमेलनं आत जायचा प्रयत्न केला. पासवर्ड आठवेना. फोन घेतला तेव्हा भाच्यानं खातं उघडून दिलं होतं. हे फार बरं झालं की आधीच कळलं. कारण रीसेटनंतर फोन उठतो तेव्हा आधी त्यात असलेल्याच गूगल खात्याचा पासवर्ड किंवा जुना पिन मागतो, चोरानं वापरू नये म्हणून. तो नसेल तर कोरा झालेला फोनही आपल्याला उघडत नाही. तिनं सिम सुनेच्या फोनमध्ये घातलं होतंच, त्यावर ओटीपी मागवून पासवर्ड बदलला आणि वहीत लिहिला. पासवर्ड बदलला की रीसेटच्या आधी 24 तास थांबा असं गूगलच सांगतं, म्हणून एक दिवस तसाच जाऊ दिला.

खातं उघडल्यावर दिसलं की फोटो मागच्या दिवाळीपर्यंतचेच वर गेलेत, पुढचे नाहीत. मग ग्रामसंघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तिनं निरोप टाकायला लावला: मी पाठवलेले इतिवृत्ताचे आणि पासबुकाचे फोटो कोणी पुसू नका. जे फोटो तिनं पाठवले होते ते अध्यक्ष आणि सचिव ताईंच्या फोनमध्ये निघाले. जे पाठवलेच नव्हते, नातवाच्या बारशाचे वगैरे, ते गेले. त्याला इलाज नव्हता.

यूपीआयची तिला सगळ्यात जास्त काळजी होती, आणि तिथंच काही नव्हतं. पैसे बँकेत असतात, फोनमध्ये नाही. सिम त्याच नंबरचं असेल तर ॲप पुन्हा टाकून खातं जोडता येतं. व्हॉट्सॲपचं थोडं वेगळं आहे. रीसेटनंतर ते पुन्हा टाकताना 'Restore' विचारतं, गूगलवर जुनी प्रत असेल तरच. तेव्हा घाईत 'Skip' दाबू नका, नंतर ती प्रत सहजी परत घेता येत नाही.

हिशोबाच्या ॲपमधल्या अपलोड न झालेल्या नोंदी मात्र परत आल्या नाहीत. एका गटाची एक बैठक. ती तिनं गटाच्या कागदी रजिस्टरवरून, बचत आणि कर्जफेडीचे आकडे सचिव ताईला समोर बसवून, पुन्हा भरली. तीन तास लागले. रजिस्टरवर दोन सह्या राहिल्या होत्या, त्याही तेव्हाच सापडल्या.

दुकानात फोन ठेवून यायची वेळ आलीच तर सिम आणि कार्ड आपल्या कनवटीला. पिन कागदावर लिहून देऊ नका. फोन लोगोवरच अडकलाय तोवर दुकानदाराला पिनची गरज नसते. उठल्यावर लागलीच, तर तुम्ही समोर उभं राहून टाका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपला जीमेल आणि त्याचा पासवर्ड आठवतोय का ते दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघून या. ज्यांना उघडणार नाही त्यांनी अर्धा तास आधी या, आपण तिथंच बसून सोडवू.